वॉकथ्रूच्या रेंडरला लागणारा वेळ आणि तो कमी करण्याबाबत

नमस्कार मॅडम,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "ब्रोशरचा फोटो अर्ध्या तासात आला, मग वॉकथ्रूला इतके दिवस का?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

वॉकथ्रू म्हणजे घरातून फिरवून आणणारा व्हिडिओ, पण खरं तर कॉम्प्युटरनं काढलेले, सलग लावलेले फोटोच. आपला वॉकथ्रू 100 सेकंदांचा, सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 3000 फोटो. आत्ता एका फ्रेमला सरासरी 12 मिनिटं लागताहेत. हिशेब केला तर 600 तास. दोन मशीन रात्रंदिवस चालवली तरी साडेबारा दिवस, आणि तेही एकही फ्रेम परत करावी लागली नाही तर.

सगळ्या फ्रेम सारख्या जड नाहीत. बाहेरचं एलिव्हेशन 5 मिनिटांत होतं. अडतं ते दिवाणखान्यात. तिथे उजेड एकाच खिडकीतून येतो आणि भिंती, छत, फरशीवर आपटत कोपऱ्यापर्यंत पोचतो. असा उजेड मोजायला प्रत्येक पिक्सेलमागे सोडलेले किरण, म्हणजे सॅम्पल, कमी पडले की चित्रावर दाणे दिसतात. दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल चौपट लागतात, त्यामुळे शेवटची थोडी सफाईच सर्वांत जास्त वेळ खाते. त्यात काचेच्या लोलकांचं झुंबर. काल 1140 नंबरची फ्रेम झुंबर लपवून काढून पाहिली: 19 मिनिटांची 11 झाली.

मी सुचवतो ते असं. रेंडर 4K ऐवजी 1920×1080 मध्ये करू, पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर येतात. ज्या स्क्रीनवर तुम्ही हा दाखवणार आहात, तिथे फरक फारसा जाणवणार नाही. सेकंदाला 25 फ्रेम ठेवू. जिन्यातला 20 सेकंदांचा रेंगाळणारा शॉट काढू, त्यात घराचं काहीच दिसत नाही. एवढ्यानंच 2000 फ्रेम उरतात. झुंबराचे लोलक साधे करतो, बागेतलं प्रत्येक झाड वेगळं न ठेवता एकाच झाडाच्या प्रती वापरतो, आणि उरलेले दाणे डीनॉइझरनं पुसतो. डीनॉइझर जास्त ताणला तर पडद्यांची वीण पुसली जाते आणि चित्र लुकलुकतं, तेवढी काळजी मी घेईन. चाचणीत फ्रेम सरासरी 4 मिनिटांवर आली. म्हणजे 133 तास, दोन मशीनवर तीन दिवसांच्या आत.

मोठं मशीन घेण्याचं तुम्ही म्हणालात. आधी सीन हलका करू, मगच तो खर्च. बाहेरच्या रेंडर फार्मवर, म्हणजे भाड्याच्या मशीनवर, टाकायचं तरी पैसे लागलेल्या वेळेप्रमाणेच मोजतात, तिथेही हलका सीनच स्वस्त पडतो.

एक मनापासूनची विनंती. रेंडर सुरू झाल्यावर सोफ्याचा रंग बदलला तर फक्त सोफा बदलत नाही. त्याची छटा भिंतीवर पडते, फरशीत प्रतिबिंब दिसतं, आणि सोफा दिसणारा प्रत्येक शॉट पुन्हा काढावा लागतो. मागच्या वेळी टाइल बदलली तेव्हा आपले चार दिवस असेच गेले. म्हणून दर 100 वी फ्रेम काढून 20 चित्रं उद्या पाठवतो. रंग, फर्निचर, दिवे त्यावरच पाहून घ्या.

गुरुवार संध्याकाळपर्यंत होकार कळवलात तर त्याच रात्री रेंडर लावतो, रविवारी रात्री फ्रेम हातात येतील.

आपला,
व्हिज्युअलायझर