एका पायाचा आवाज

विकास दिवाळीनंतर आमच्या वर्गात आला. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी बीडकडची तीन-चार पोरं आमच्या शाळेत येतात आणि पट्टा पडला की जातात. विकास मात्र एकटा आला नाही. सोबत बहीण होती, राणी, पाच वर्षांची. आई-बाप पहाटे चारला फडात जायचे, कोपीवर तिला बघायला कुणी नव्हतं. मग ती दिवसभर आमच्या वर्गाबाहेर चिंचेखाली बसायची. तिच्या पायात चालताना पीं-पीं वाजणाऱ्या लाल चपला होत्या. बीजगणिताच्या तासाला तो आवाज ऐकू आला की अख्खा आठवी ब हसायचा, सरसुद्धा.

सूरजनं पहिल्याच आठवड्यात विकासला गाठलं.

"उचल घेतलीस न्हवं? मग फेड की."

फेड म्हणजे काय, तर सूरजचं दप्तर उचलायचं, खिचडीच्या रांगेत त्याची ताटली धरायची, नळावरनं बाटली भरून आणायची. विकास हसत हसत करायचा. तो हसायचा म्हणून आम्हीही हसायचो. मी सूरजच्याच बाकावर बसायचो. मी विकासला कधी काही सांगितलं नाही, पण सूरजचं दप्तर आता मला उचलावं लागत नव्हतं, हेही खरं.

सूरजला उचलीचा एवढा राग का, हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एका मुकादमानं आण्णांकडून, म्हणजे त्याच्या वडिलांकडून, सहा लाख उचल घेतली आणि हंगामात टोळी आणलीच नाही. ट्रॅक्टरचे हप्ते थकले. सूरजच्या आईच्या पाटल्या गेल्या. आण्णा तसे देवमाणूस, पण त्या वर्षी त्यांचा कमरेचा पट्टा भिंतीवरच्या खिळ्याला कायम टांगलेला असायचा आणि आमच्या घराची भिंत त्यांच्या घराला लागून आहे. माझे पप्पा त्यांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आणि विकासचे आई-बाप यंदा त्यांच्याच टोळीत. सगळा गुंता एकाच दाव्याला बांधलेला.

जानेवारीतली गोष्ट. मधल्या सुट्टीत राणी चिंचेला टेकून झोपली होती. सूरजनं तिची एक चप्पल अलगद काढली आणि शाळेच्या पत्र्यावर फेकली. ठण्ण आवाज झाला. तिथं आम्ही दोघंच होतो. सूरज माझ्याकडं बघून हसला, मीही हसलो. खरं सांगायचं तर मला तेव्हा गंमतच वाटली.

विकास हात धुऊन आला. इकडं-तिकडं बघून माझ्याकडंच आला. सूरजकडं नाही, माझ्याकडं.

"राणीची चप्पल बघितली का रं?"

"न्हाई."

घंटा झाली. तो तिला म्हणाला, "हितंच बस, सुटल्यावर हुडकू." आणि आत आला.

भूगोलाच्या तासाला मला जाणवलं की बाहेर आवाज येत नाहीये. पण मी खिडकीतून बघितलं नाही. चार वाजता चिंचेखाली कुणीच नव्हतं.

विहीर, ओढा, संडास, मंदिर, सगळं बघून झालं. बाई रडायला लागल्या. विकास नुसता पळत होता, हाक मारताना त्याचा आवाज फाटत होता. सूरजचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो माझ्याजवळ आला. "गप बस हां," असं तो म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "ओम्या, ती कुठं गेली आसंल रं?"

पाचच्या सुमाराला पप्पांचा ट्रॅक्टर शाळेच्या फाटकात थांबला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि पप्पांच्या मांडीवर राणी. चप्पल शोधायला म्हणून ती आईकडं, फडाच्या वाटेनं निघाली होती. कालव्याच्या वळणावर उसाच्या आडून एकदम ट्रॅक्टरच्या पुढं आली. पप्पा खाली उतरले तेव्हा त्यांचे पाय थरथरत होते. ते सरांना म्हणाले, "पीं-पीं ऐकू आलं म्हणून ब्रेक मारला. रोज मी गाणी लावतो. आज पेनड्राइव्ह घरात राहिला हुता."

हे त्यांनी तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हापिसात सर, आण्णा, विकासचे वडील आणि आम्ही. विकासचे वडील खुर्चीवर बसलेच नाहीत, दाराशी उकिडवे बसले. पोरीच्या एकाच पायात चप्पल कशी, दुसरी कुणी घेतली, असं सरांनी विचारलं. विकास खाली बघत म्हणाला, "हरवली आसंल, सर." त्याचे वडील लगेच म्हणाले, "लेकरू हाय गुरुजी, कुठं बी टाकती. जाऊ द्या. फडात उशीर व्हतोय." सरांनीही वही मिटायला घेतली. ते बरे आहेत, पण त्यांना हे मिटायला हवं होतं. आण्णांच्याच मदतीनं शाळेच्या नळाची मोटर बसली होती.

कुणालाच ऐकायचं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

"पत्र्यावर हाय," मी म्हणालो. "सूरजनं टाकली. मी बघितली. विकासनं मला विचारलं तर मी न्हाई म्हणालो."

आण्णांनी सूरजकडं बघितलं नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि विकासच्या वडिलांना विचारलं, "पोरगी जेवली का काल?" ते म्हणाले, "जेवली मालक." मग बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.

त्या रात्री मी भिंतीला कान लावून बसलो. काहीच ऐकू आलं नाही. ते जास्त वाईट होतं. पप्पांना मी विचारलं, आता आपलं काम जाईल का. ते म्हणाले, "बघू," आणि कूस बदलली.

मला वाटलं होतं, विकास तरी माझ्याशी बोलेल. नळावर त्यानं मला धरलं. "तुला कुणी बोलाय सांगितलं हुतं? अजून दीड लाख फिटायचंत. मालक टोळीवर खार खाऊन बसले तर?" मग हळू आवाजात, "आन बोलायचंच हुतं तर मी इचारलं तवा बोलायचं व्हतं."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बाटली भरून वाहत होती, तरी तो नळ बंद करेना.

रविवारी मी शाळेत गेलो. पत्रा उंच, हात पुरेना. उडी मारून बघितली, विटा रचून बघितल्या. मागून सूरज आला, हातात अख्खा ऊस. आम्ही चार दिवस बोललो नव्हतो. त्यानं उसानं चप्पल ओढली, ती खाली पडली. ती उचलून त्यानं माझ्या हातात दिली.

"तूच दे. मी दिली तर ती पळंल."

"चल की संगं."

"न्हाई," म्हणाला, आणि ऊस तिथंच टाकून गेला.

कोप्यांवर चुली पेटल्या होत्या. विकास वाढ्याच्या पेंढ्या बांधत होता. मी चप्पल पुढं केली. त्यानं घेतली नाही, नुसती मान हलवून राणीकडं दाखवलं. राणीनं ती पायात घातली आणि चालून बघितलं. एक पाय वाजला, दुसरा नाही. चार दिवसांचं ऊन आणि दव, तिचा आवाज गेला होता. राणी थांबली, पायाकडं बघितलं आणि तो पाय जमिनीवर जोरात आपटला. परत आपटला.

विकास पेंढी तशीच सोडून उठला. माझ्याशी न बोलता त्यानं ती चप्पल काढून घेतली, टाच दाबली, कानाला लावली, परत दाबली.

"पाणी शिरलंय," तो म्हणाला. "धर जरा."

मी धरली.