लाभांशातील कपातीबाबत अध्यक्षांचे भागधारकांस पत्र

कोल्हापूर, १० ऑगस्ट २०२३

सन्माननीय भागधारक,
सप्रेम नमस्कार.

२०२२-२३ या वर्षासाठी संचालक मंडळाने दहा रुपये दर्शनी मूल्याच्या प्रत्येक शेअरमागे दीड रुपया लाभांशाची शिफारस केली आहे. गेल्या वर्षी तो सहा रुपये होता. घट मोठी आहे, आणि लाभांशावर घरखर्चाचा काही भाग भागवणारे सेवानिवृत्त भागधारक आपल्यात बरेच आहेत, याची मंडळाला पूर्ण जाणीव आहे.

सूतगिरणीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा रुईचा असतो. मे २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला. केंद्र सरकारने एप्रिलमध्येच कापसावरील आयात शुल्क तात्पुरते रद्द केले होते, तरी भाव लगेच उतरले नाहीत. आपल्या ३०,००० चात्या चालू ठेवायच्या तर त्या भावाने रुई घेणे भाग होते; आणि त्या रुईचे सूत बाजारात जाईपर्यंत रुईचे व सुताचे दोन्ही भाव कोसळले, तर परदेशी मागणी आटल्याने यंत्रमागधारकांनीही खरेदी आखडती घेतली. शिवाय मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेल्याने खेळत्या भांडवलावरील व्याज वाढले. परिणामी करोत्तर नफा २१.४० कोटींवरून ४.१० कोटींवर आला.

राखीव निधीतून लाभांश पूर्वीइतकाच का ठेवला नाही, असे अनेकांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र ताळेबंदात दिसणारा राखीव निधी तिजोरीत पडून नसतो. तो यंत्रांत, मालाच्या साठ्यात आणि येणे रकमांत गुंतलेला असतो. सहा रुपये द्यायचे तर ५.४० कोटी रुपये जादा लागले असते आणि ते बँकेकडूनच उचलावे लागले असते. कर्ज काढून लाभांश वाटणे म्हणजे भागधारकांच्याच पुढील नफ्यावर व्याजाचा बोजा टाकणे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही लाभांश पूर्णपणे रोखावा, हे मंडळाला मान्य झाले नाही. दीड रुपयाप्रमाणे १.८० कोटी रुपये, म्हणजे नफ्याचा सुमारे ४४ टक्के भाग, आपल्याला मिळेल. गेल्या वर्षी हे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. संचालकांनी या वर्षी नफ्यावरील कमिशन घेतलेले नाही. कामगारांचा दिवाळी बोनस मात्र पूर्ण दिला, कारण तिन्ही पाळ्या त्यांच्यामुळेच चालू राहिल्या.

पुढील वर्षासाठी कोणतेही आकडे देण्याचे मी टाळत आहे. रुईची खरेदी आता हातातील मागणीच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने होते आणि नव्या यंत्रांची खरेदी पुढे ढकलली आहे. कर्जाचा भार हलका झाल्यावर लाभांश वाढवण्याचा विचार मंडळ सर्वप्रथम करील.

२५ सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा प्रस्ताव मंजुरीसाठी येईल व मंजुरीनंतर तीस दिवसांच्या आत रक्कम खात्यात जमा होईल. बँक तपशील बदलला असल्यास कृपया सभेपूर्वी कळवावा. या निर्णयाबाबत ज्यांची नाराजी आहे, त्यांनी सभेला अवश्य येऊन आपले म्हणणे मांडावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
अध्यक्ष, संचालक मंडळ