ल्योँला येताना पर्समध्ये ठेवायची फ्रेंच वाक्यं

मावशी, हा कागद तुझ्यासाठी आणि काकांसाठी. सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसात असेन, तेव्हा बाजार, स्टेशन आणि औषधाचं दुकान तुम्हाला दोघांनाच गाठावं लागेल. सगळं पाठ करू नकोस. कागद समोर धरून वाचलंस तरी चालतं.

आधी उच्चार. ँ असेल तिथे आवाज नाकातून काढ, मालवणकडची माणसं बोलताना काढतात तसा. शेवटी न किंवा म म्हणायचं नाही. 'झ' म्हणजे श म्हणायच्या जागी जीभ ठेवून काढलेला घुमणारा आवाज आणि 'ज़' म्हणजे आपल्या 'जमीन'मधला ज. 'र' ते घशातून काढतात, पण आपला र त्यांना कळतो.

सगळ्यात आधी

बोँझूर मादाम / बोँझूर मस्यो : नमस्कार बाई / नमस्कार साहेब

हे एक वाक्य चुकवू नकोस. दुकानात शिरताना, खिडकीपाशी, बसच्या ड्रायव्हरला, सगळीकडे. बोँझूर न म्हणता थेट भाव विचारला तर इथे तो सरळ उद्धटपणा वाटतो आणि पुढचं बोलणं तुटक होतं. आधी बोँझूर म्हटलंस की मोडक्यातोडक्या फ्रेंचलाही माणसं थांबून मदत करतात, हे मी रोज पाहते. संध्याकाळी बोँस्वार. निघताना मेर्सी, ओ रव्वार.

सिल वू प्ले : कृपया (यातला 'वू' म्हणजे 'तुम्ही'. अनोळखी माणसाला, अगदी विशीतल्या मुलालाही, 'तुम्ही'च म्हणायचं.)

प्लू लाँतमाँ, सिल वू प्ले : जरा हळू बोला

वू पूवे लेक्रीर? : लिहून देता का?

हे शेवटचं फार कामाचं. भाव, वेळ, प्लॅटफॉर्म, औषधाचा डोस, सगळं लिहून घे.

बाजारात

सोन नदीच्या काठी, के सँ-ताँत्वानवर सकाळी भाजीबाजार भरतो. सोमवारी नसतो आणि दुपारी एकच्या सुमारास आवरायला लागतात. भाजी स्वतः उचलून, दाबून बघायची नाही. विकणारा निवडून देतो.

से कोँब्यँ, ल किलो? : किलोचा काय भाव?

झ वुद्रे ऊन लिव्र द तोमात, सिल वू प्ले : अर्धा किलो टोमॅटो द्या ('लिव्र' म्हणजे बरोबर 500 ग्रॅम)

झ वुद्रे ऊन बोत द कोरियाँद्र : कोथिंबिरीची एक जुडी द्या

शेजारीच 'पेर्सी' असते. पानं जवळपास तशीच, पण ती कोथिंबीर नव्हे. पहिल्या महिन्यात मी तिची जुडी घरी आणली, आमटीवर चिरून घातली आणि ताटात वास आलाच नाही. जुडी हातात आल्यावर एक पान चुरडून नाकाशी धर, मगच पैसे दे. फरसबी मागायची तर 'आरिको वेर'.

खरबूज किंवा अवोकाडो मागितलंस की विचारतील, 'से पूर काँ?' म्हणजे कधी खायचं आहे? त्याप्रमाणे पिकलेलं निवडून देतात.

पूर ओझूर्द्वी : आजसाठी / पूर दमँ : उद्यासाठी

मग येईल 'ए आवेक ससी?', म्हणजे आणखी काय? त्यावर: से तू, मेर्सी : एवढंच, धन्यवाद.

एक लक्षात ठेव. कुणी काही देऊ केलं आणि तू नुसतं 'मेर्सी' म्हणालीस तर ते 'नको' असं समजतात. हवं असेल तर 'वी, सिल वू प्ले' म्हण.

नू सोम वेझेतार्यँ. नी व्याँद, नी प्वासोँ. : आम्ही शाकाहारी आहोत. मांस नाही, मासेही नाहीत. (दुसरं वाक्य गाळू नकोस, नाहीतर मासा पुढ्यात येतो.)

इल या द ला व्याँद ददाँ? : यात मांस आहे का? 'लार्दोँ' किंवा 'झाँबोँ' ऐकलंस तर ते डुकराचं मांस.

वू प्रने ला कार्त? : कार्ड चालतं का?

आकड्यांची भीती बाळगू नकोस. ऐंशीला हे 'कात्र-वँ' म्हणतात, म्हणजे चार विसा. आजी 'पाच विसा शंभर' मोजायची, तोच हिशोब. सत्तर म्हणजे साठ-दहा: स्वासाँत-दीस. नव्वद म्हणजे चार विसा दहा: कात्र-वँ-दीस. पाटीवर 2,50 € दिसलं तर ते अडीच युरो. आपल्या दशांश चिन्हाच्या जागी इथे स्वल्पविराम असतो.

स्टेशनवर

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्येच रेल्वे स्टेशन आहे. तुमची गाडी पुढे मार्सेयला जाते, म्हणून बोर्डावर ल्योँ नाही, `Marseille` शोधायचं आणि तिकिटावरचा गाडी नंबर जुळवायचा. बोर्डावरचे शब्द असे:

`Départs` : सुटणाऱ्या गाड्या
`Voie` : प्लॅटफॉर्म (उच्चार 'व्वा')
`À l'heure` : वेळेवर
`Retard` : उशीर
`Supprimé` : रद्द

ल त्रँ पूर मार्सेय, से केल व्वा? : मार्सेयची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर?

स त्रँ सारेत आ ल्योँ पार-द्यो? : ही गाडी ल्योँ पार-द्योला थांबते का?

व्वातूर म्हणजे डबा, प्लास म्हणजे सीट. कधीकधी दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून चढण्याआधी दारावरचा डब्याचा नंबर बघा.

एक्स्क्यूज़े-म्वा, झ क्रवा क से मा प्लास : माफ करा, ही माझी जागा असावी

झे राते मोँ त्रँ. केस क झ पो फेर? : माझी गाडी चुकली. आता काय करू?

ऊ सोँ ले त्वालेत? : स्वच्छतागृह कुठे आहे?

'ल्योँ सँ-तेग्ज़्यूपेरी' अशी घोषणा झाली तर उठू नका, ते इथल्या विमानतळाचं स्टेशन. पार-द्योला गाडी थोडीच मिनिटं थांबते, तेव्हा बॅगा आधीच दाराशी आणा. मी प्लॅटफॉर्मवर असेन.

औषधाच्या दुकानात

हिरव्या क्रॉसचा दिवा दिसला की 'फार्मासी'. साधी पॅरासिटामॉलसुद्धा काउंटरमागे असते, मागावी लागते. काकांच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने. आपली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, पण पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचून त्यांना समजतं.

झे माल आ ला तेत : माझं डोकं दुखतंय
(पोट: ओ वाँत्र, घसा: आ ला गोर्झ, दात: ओ दाँ)

मोँ मारी आ द ला फ्येव्र दप्वी इयेर : माझ्या यजमानांना कालपासून ताप आहे

इल ए द्याबेतीक : त्यांना मधुमेह आहे. खोकल्याचं औषध घेताना पुढे जोड: साँ सूक्र, म्हणजे बिनसाखरेचं. 'तू सेश?' म्हणजे कोरडा खोकला का, 'तू ग्रास?' म्हणजे कफाचा का.

इल प्राँ देझा स मेदिकामाँ : ते हे औषध आधीपासून घेतात (पाकीट दाखव)

झ स्वी अलेर्झीक आ ला पेनिसिलीन : मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. हे वाक्य तुझं, मावशी. त्यांनी विचारलं नाही तरी आधी सांग.

'ताँस्योँ' ऐकून गोंधळू नकोस. आपलं टेन्शन ते नव्हे, इथे तो ब्लडप्रेशरचा शब्द आहे.

कोँब्यँ द फ्वा पार झूर? : दिवसातून किती वेळा?
मातँ, मिदी, स्वार : सकाळ, दुपार, संध्याकाळ
आवाँ ल रपा / आप्रे ल रपा : जेवणाआधी / जेवणानंतर

'ओर्दोनाँस' म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. ती मागितली तर वाद घालू नकोस, मला फोन कर.

काकांच्या छातीत दुखलं तर मात्र दुकान शोधत बसू नकोस, माझी वाटही बघू नकोस. फोनवरून 15 किंवा 112 लाव. जमलं नाही तर जवळ असेल त्या माणसाला मोठ्याने सांग:

आपले ल कँज़! मोँ मारी आ माल आ ला प्वात्रीन! : 15 ला फोन लावा! माझ्या यजमानांच्या छातीत दुखतंय!